दाराची उंची लिहूनही माणसं ठेंगणी का येतात? प्रॉम्प्टमध्ये संदर्भवस्तू कशी बांधायची

प्रश्न: इमेज जनरेटरवर एका प्रदर्शन हॉलचा आतला व्ह्यू काढतोय. प्रॉम्प्टमध्ये दाराची उंची २.१ मीटर असं स्वच्छ लिहिलंय, तरी कधी दार दुप्पट उंच येतं, कधी माणूस दाराच्या निम्म्याला लागतो. आकडा लिहून उपयोग होतो का? नसेल, तर दाराचा किंवा दुसऱ्या एखाद्या वस्तूचा संदर्भ नेमका कसा द्यायचा?

उत्तर:

आकडा लिहा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तो आकडा मुख्यतः तुमच्यासाठी असतो, चित्र आल्यावर तपासायला. मॉडेलला सांगायचं असतं ते नातं: माणूस दाराला चिकटून उभा आहे, हात हँडलवर आहे, डोकं चौकटीच्या थोडं खाली आहे. हे एवढं नीट लिहिलं की बरीचशी गडबड तिथेच थांबते.

आधी कारण बघू, म्हणजे पुढचं आपोआप लक्षात येईल. मॉडेल शिकलं आहे चित्रं आणि त्यांच्यासोबतच्या ओळींवरून. दाराच्या फोटोखाली त्या दाराची उंची क्वचितच कुणी लिहितं. त्यामुळे "2.1 m" ही अक्षरं मॉडेलपर्यंत पोचतात, पण त्यांना चित्रातल्या कुठल्याही लांबीशी घट्ट जोडणारं त्याच्याकडे फारसं काही नसतं. दार उघडणारी, उंबऱ्यात उभी असलेली, चौकटीला टेकलेली माणसं मात्र त्याने अगणित पाहिलेली असतात. अशा प्रत्येक फोटोत हँडल कमरेच्या आसपास आणि चौकट डोक्याच्या थोडी वर असते. "हात हँडलवर" असं लिहिलं की ही सगळी प्रमाणं एकत्र ओढली जातात, कारण निम्म्या उंचीच्या माणसाचा हात त्या हँडलपर्यंत नैसर्गिकपणे पोचतच नाही. स्पर्श हा आकड्यापेक्षा कितीतरी भक्कम संदर्भ आहे.

दुसरी बाब यथार्थदर्शनाची. खोली दहापट केली आणि कॅमेऱ्याची उंची व अंतरही दहापट केलं, तर चित्र रेषेला रेष तेच येतं. म्हणजे चित्राला स्वतःचं असं माप नसतंच. माप येतं ते आपल्याला ठाऊक असलेल्या एखाद्या वस्तूमुळे. दार यासाठी उत्तम, कारण ते शरीराच्या मापाला बांधलेलं असतं. उंची साधारण २ ते २.१ मीटर आणि हँडल जमिनीपासून १ मीटरच्या आसपास. देशोदेशी थोडा फरक पडतो, पण एका चित्रासाठी एकच माप धरा. खाली मी २.१ मीटर धरतोय, उभा माणूस १.७ मीटर आणि कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे १.६ मीटरवर.

आता तुमच्यासारखाच हॉल घेऊ. छत ६.३ मीटर, समोरच्या भिंतीत एक दार, एक प्रेक्षक. बहुतेकांचा पहिला प्रॉम्प्ट साधारण असा असतो:

```
grand exhibition hall interior, monumental 6.3 m ceiling,
door height 2.1 m, a visitor, wide angle, cinematic
```

समजा, यातून १०२४ पिक्सेल उंचीचं एक चित्र आलं. वरून मोजत गेलं तर दाराचा तळ ७६० व्या पिक्सेलवर आहे आणि माथा ४०० व्या. म्हणजे दार ३६० पिक्सेल उंच. दारालगत, त्याच रेषेत पाय असलेला प्रेक्षक १७० पिक्सेल उंच. दोघांचं गुणोत्तर ०.४७. खरं असायला हवं १.७ भागिले २.१, म्हणजे ०.८१. चूक आहे हे कळलं, पण खोटं कोण बोलतंय, दार की माणूस? इथे क्षितिजरेषा कामी येते.

फरशीचे सांधे, भिंत आणि छत जिथे भेटतात त्या कडा अशा आत जाणाऱ्या रेषा पुढे वाढवा. त्या जिथे एकमेकींना छेदतात तो व्हॅनिशिंग पॉइंट, आणि त्यातून जाणारी आडवी रेष म्हणजे क्षितिजरेषा. कॅमेरा वर-खाली झुकलेला नसेल तर ही रेष सपाट जमिनीवरच्या प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवरच कापते. आपल्या चित्रात ती ५७७ व्या पिक्सेलवर आली, म्हणजे दाराच्या तळापासून १८३ पिक्सेल वर. आता दोन्ही बाजूंनी ताडून बघा. माणूस १.७ मीटर धरला तर कॅमेरा १.८३ मीटरवर येतो. थोडा उंच आहे, पण उभ्या माणसाने काढलेला फोटो म्हणून चालेल. दार २.१ मीटर धरलं तर कॅमेरा १.०७ मीटरवर येतो, म्हणजे फोटो काढणारा बसलेला. प्रॉम्प्टमध्ये बसून काढलेल्या फोटोचा विषयच नव्हता. माणूस आणि कॅमेरा एकमेकांशी जुळतात, दार एकटं पडतं. तेव्हा दोष दाराचा. माणूस १.७ मीटर असेल तर हे दार ३.६ मीटरचं झालंय.

असं का झालं हे प्रॉम्प्टमध्येच दिसतं. "grand" आणि "monumental" ही विशेषणं तुम्ही हॉलला आणि छताला लावली, पण मॉडेल विशेषण ज्याचं त्याच्याकडे काटेकोरपणे ठेवत नाही. ते शेजारच्या नामांवरही सांडतं. भव्य हॉलच्या फोटोंत दारंही भव्यच असतात, म्हणून दार फुगलं. "wide angle" ने जवळच्या आणि लांबच्या वस्तूंतला फरक वाढतो आणि कडेच्या वस्तू ताणल्या जातात. "a visitor" हा तर कुठेही उभा राहू शकतो. त्याला जागा दिलेली नाही, त्यामुळे दाराशी त्याचं काहीच नातं जुळत नाही.

हेच चित्र मी असं मागेन:

```
interior photo, a woman stands at a plain single-leaf door
in the far wall, her hand on the lever handle at waist height,
the top of her head a little below the top of the door frame.
Blank white wall above the door, two more door-heights up to
a flat ceiling. Exhibition hall, camera at standing eye level,
looking straight ahead, everything in focus.
```

यातला प्रत्येक शब्द कशासाठी आहे ते सांगतो. दार आणि माणूस सर्वात आधी, कारण काही मॉडेल लांब मजकुराचा शेवट नीट धरत नाहीत. स्टेबल डिफ्यूजन १.५ सारख्या जुन्या मॉडेलच्या मजकूर वाचणाऱ्या भागाला एका वेळी ७७ टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडेच दिसतात. "single-leaf" म्हणजे एकाच झडपेचं दार. हे लिहिलं नाही तर दोन झडपांचं दार येतं, आणि दोन झडपांच्या दाराबरोबर उंचीही वाढण्याचा कल असतो. हँडल कमरेला, हा संदर्भाच्या आतला संदर्भ. दार लांबलं तरी हँडल कुठे आहे यावरून लगेच पकडता येतं. "Blank white wall above the door" ही ओळ मला सर्वात महत्त्वाची वाटते. ती नसेल तर मॉडेल दाराच्या वर काचेचा झरोका घालतं, मग चौकट वर सरकते, आणि लांबून तो सगळा प्रकार एकच उंच दार वाटतो. कोऱ्या भिंतीमुळे दार कुठे संपतं हे ठाम होतं.

छत मीटरमध्ये न सांगता दाराच्या पटीत सांगितलंय, हेही मुद्दाम. ६.३ मीटर म्हणजे तीन दारं. पटी मोजण्यातही मॉडेल पक्कं नसतं, कधी अडीच येतील कधी साडेतीन, पण निदान छत दाराशी बांधलं जातं. "everything in focus" साठीही कारण आहे. पुढचं-मागचं धूसर झालं की डोळ्याला तो लहानशा प्रतिकृतीचा जवळून काढलेला फोटो वाटतो, प्रमाण अचूक असलं तरी. प्रमाणाची काळजी असेल तर धूसर पार्श्वभूमी मागणारे शब्द टाळाच.

यातून आलेलं चांगलं चित्र मोजलं तर काय दिसायला हवं? दाराचा तळ ७६० वर आणि माथा ५२० वर असेल, तर दार २४० पिक्सेल. बाई १९४ पिक्सेलच्या आसपास, गुणोत्तर ०.८१. क्षितिजरेषा तळापासून १८३ पिक्सेल वर, म्हणजे १८३ भागिले २४० गुणिले २.१, बरोबर १.६ मीटर. छत तळापासून ७२० पिक्सेल वर, म्हणजे ४० व्या पिक्सेलजवळ. गुणोत्तर ०.७५ ते ०.८७ मध्ये असेल तर मी चित्र ठेवतो, कारण माणसं उंच-बुटकी असतातच. ०.७ च्या खाली गेलं की दार पाहणाऱ्याला खटकायला लागतं, भले त्याला कारण सांगता येऊ नये.

एक पथ्य इथे पाळायलाच हवं. पिक्सेलची थेट तुलना फक्त एकाच अंतरावरच्या वस्तूंची करायची. दार मागच्या भिंतीत आणि माणूस पाच पावलं पुढे असेल तर माणूस दारापेक्षा मोठा दिसला तरी ते बरोबर असू शकतं. म्हणूनच संदर्भाचा माणूस दारालाच चिकटवायचा. बाकीच्या माणसांसाठी क्षितिजरेषा आहे. कॅमेरा १.६ मीटरवर आणि जमीन सपाट असेल तर उभ्या असलेल्या सगळ्या प्रौढांचे डोळे त्या एकाच रेषेच्या आसपास येतात, मग ते जवळ असोत की लांब. फक्त पाय वर-खाली होतात. चित्रावर एक आडवी रेष टाकली की कोण राक्षस झालाय आणि कोण बाहुली, हे तिथल्या तिथे दिसतं. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे सुमारे १.२ मीटरवर, म्हणजे जमीन ते क्षितिज या अंतराच्या पाऊण भागावर यायला हवेत.

चौकटीत दारच येत नसेल तर शरीराला बांधलेली दुसरी वस्तू घ्या. खुर्चीची बैठक सुमारे ४५ सेंटिमीटर, टेबल ७५, जिन्याची एक पायरी १५ ते १८ सेंटिमीटर, कठडा साधारण मीटरभर. यात खुर्ची मला सर्वात भरवशाची वाटते, कारण तिच्यावर माणूस बसवता येतो आणि पाय जमिनीला टेकवता येतात. पुन्हा तोच स्पर्श. झाड, खिडकी, खांब, भिंतीवरचं चित्र यांचा उपयोग नाही, त्यांना ठरलेलं मापच नसतं. पायरी चांगली आहे, पण मॉडेल पायऱ्या मोजून काढत नाही, म्हणून मजल्याच्या उंचीचा हिशेब पायऱ्यांवर टाकू नका. आणि मुख्य संदर्भ एकच ठेवा. दार, कठडा, टेबल, पायरी असं सगळं मापासकट एका प्रॉम्प्टमध्ये कोंबलं तर एकही नीट पाळलं जात नाही.

आता एक अडचण, जी शब्दांनी सुटत नाही. माणूस लांब असेल तर तो चित्रात छोटा यायला हवा, आणि छोटा माणूस काढणं या मॉडेलना जड जातं. स्टेबल डिफ्यूजनच्या घराण्यातली बरीच मॉडेल चित्र आठपट लहान केलेल्या जाळीवर तयार करतात. १०२४ पिक्सेलच्या चित्रात ६० पिक्सेलचा माणूस म्हणजे त्या जाळीत उंचीला सात-आठ चौकोन. त्यात डोकं, खांदे, पाय बसवायचे. मग एकतर माणूस वितळल्यासारखा येतो, नाहीतर मॉडेल त्याला मोठा करतं. मोठ्या दालनात माणसं वारंवार मोठी येत असतील तर प्रॉम्प्ट घासत बसू नका. रिकामा हॉल दारासकट आधी नीट काढून घ्या आणि माणसं इनपेंटिंगने, म्हणजे चित्राचा निवडलेला भागच पुन्हा काढून घेऊन, नंतर बसवा.

तेव्हा मास्कची, म्हणजे त्या निवडलेल्या भागाची उंची हिशेबाने ठरवा. समजा, एक माणूस जवळ उभा करायचाय आणि त्याचे पाय ९०० व्या पिक्सेलवर येणार आहेत. क्षितिज ५७७ वर, म्हणजे मधलं अंतर ३२३ पिक्सेल, आणि तेच १.६ मीटर. १.७ मीटरसाठी ३४३ पिक्सेल, डोकं ५५७ वर. मास्क याहून अगदी थोडा मोठा ठेवा. ढिला मास्क दिला की मॉडेल तो भरून काढतं आणि माणूस फुगतो. स्टेबल डिफ्यूजन चालवायच्या ऑटोमॅटिक११११ या इंटरफेसमध्ये `Only masked` निवडलं असेल तर मॉडेलला फक्त मास्क आणि भोवतालची थोडी पट्टी दिसते. `Only masked padding, pixels` मूळात ३२ असतं. तेवढ्या पट्टीत ना दार दिसतं ना फरशीचा सांधा, म्हणजे जो संदर्भ आपण एवढा जपला तोच मॉडेलच्या नजरेआड जातो. हा आकडा वाढवून बाजूचं दार किंवा खुर्ची त्या तुकड्यात येईल असं बघा.

काम क्लायंटला मापासकट दाखवायचं असेल तर शब्दांवर थांबूच नये. कुठल्याही थ्रीडी प्रोग्रॅममध्ये साध्या ठोकळ्यांची खोली उभारा. दार ०.९ गुणिले २.१, छत ६.३, कॅमेरा १.६ वर आणि सरळ आडवा, दारापाशी १.७ मीटरची एक आकृती. त्यावरून डेप्थ मॅप, म्हणजे प्रत्येक जागा कॅमेऱ्यापासून किती लांब हे दाखवणारं चित्र काढा आणि ते कंट्रोलनेटला, म्हणजे मॉडेलला अशा चित्राच्या मांडणीशी बांधून ठेवणाऱ्या जोडणीला द्या. आता भूमिती बांधली गेली आणि छताच्या पटीचा प्रश्नच उरला नाही.

तरीही प्रॉम्प्टमधलं दार काढून टाकू नका. डेप्थ मॅप फक्त आकार आणि अंतर सांगतो, वस्तू काय आहे ते सांगत नाही. भिंतीतली उभी आयताकृती खाच हे दार आहे, मोठं फाटक आहे की कोनाडा, हे शब्दांवरूनच ठरतं. पृष्ठभागांचंही तसंच आहे. भूमिती अचूक असताना मॉडेलने दारावर बारीक बारीक दहा-बारा पॅनेल कोरली, किंवा दाराच्या उंचीत तीनच विटा बसवल्या, तर पाहणाऱ्याला दार अनुक्रमे प्रचंड किंवा खेळण्यातलं वाटतं. म्हणून साधं दार, एक हँडल, आणि विटा-फरशी असेल तर तिचंही दाराशी नातं लिहायचं. उदाहरणार्थ, फरशी दाराच्या रुंदीएवढी. हे फोटोवरून पटकन ताडता येतं.

वरच्या मोजणीला मर्यादा आहेत. कॅमेरा वर झुकलेला असेल आणि उभ्या रेषा एकमेकींकडे कलत असतील, तर साध्या भागाकाराने उंची निघत नाही. चौथरा, उतार किंवा खालच्या पातळीवरची जमीन असेल तर तिथल्या माणसांना क्षितिजाचा नियम तसाच लावता येत नाही, आधी पातळीतला फरक धरावा लागतो. फारच रुंद कोनाच्या चित्रात कडेची माणसं ताणलेली असतात, तेव्हा मोजणी मधल्या भागातच करा. आणि जनरेट केलेल्या चित्रात पुष्कळदा फरशीच्या रेषा एका उंचीवर भेटतात आणि छताच्या दुसऱ्या. फरक थोडा असेल तर दाराजवळच्या रेषांवरून क्षितिज धरा. ५७७ च्या जागी छताच्या रेषा ५०० वर भेटत असतील, तर त्या चित्राला एक क्षितिजच नाही, आणि दार कितीही नीट आलं तरी त्यात बसवलेला दुसरा माणूस कुठे ना कुठे चुकणारच. ते चित्र सोडून द्या आणि ठोकळ्यांच्या खोलीवरून नवीन काढा.